सील सुटलेलं दिसलं, तर विक्रेत्याला काय लिहायचं

आज मी एकाच मेलबद्दल बोलणार आहे. बाळाच्या फॉर्म्युल्याचा डबा ऑनलाइन मागवला. वरचं प्लास्टिकचं झाकण घट्ट बसलेलं, पण ते काढल्यावर आतल्या फॉइलची कड एका बाजूला बोटभर सुटलेली. ही फॉइल डब्याच्या काठाला सलग चिकटलेली असायला हवी. पावडरीतली चरबी हवेने खवट होऊ नये म्हणून आत बहुधा नायट्रोजनसारखा वायू भरलेला असतो. कड सुटली की तो गेला आणि दमट हवेला वाट मिळाली. आता हा डबा वाटेत आपटला की कुणी उघडून पुन्हा चिकटवला, हे नुसतं बघून सांगता येईलच असं नाही. बाळाला तो द्यायचा नाही, एवढं मात्र लगेच ठरतं. त्यातलं दूध आधीच पाजलं असेल, तर मेल नंतर. आधी डॉक्टरांना फोन.

घाबरलेले आईवडील बहुतेक वेळा विचारतात, ‘‘माल ओरिजिनल आहे ना?’’ उत्तर येतं, ‘‘हो, शंभर टक्के!’’ येणारच, कारण या प्रश्नाला कागद लागत नाही. त्याऐवजी असं लिहा:

‘‘तुम्ही १२ तारखेला पाठवलेल्या डब्याची फॉइल सुटलेली आहे. फॉइल, तळावरचा बॅच नंबर, मुदत आणि पार्सलचं लेबल यांचे फोटो सोबत आहेत. ही बॅच तुम्ही कुणाकडून आणि कधी घेतली, ते दाखवणारं खरेदीचं बिल पाठवा. दर झाकलेत तरी चालेल. हा डबा आधी कुणी परत केलेला होता का, तेही कळवा.’’

दर झाकायची मुभा आपणच दिली, की ‘बिल गोपनीय आहे’ ही सबब उरत नाही.

बिल आलं की आधी तारीख बघा. पार्सल १२ तारखेला निघालं आणि बिल १५चं असेल, तर ते या डब्याचं नव्हे. बिलावर बॅच नंबर नसणं मात्र संशयास्पदच असतं असं नाही. पुष्कळ बिलांवर तो नसतो. तेव्हा मालाच्या आवक नोंदीचा उतारा मागा, आणि ही बॅच त्या वितरकाकडे गेली होती का, हे उत्पादक कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा. नकली डब्यावरही खरा बॅच नंबर छापता येतो, म्हणून त्यांना तळाचा छाप आणि फॉइल या दोन्हींचे जवळून काढलेले फोटो पाठवा.

सगळे कागद जुळले तरी त्यांतून कळतं ते बॅच कुठून आली एवढंच. त्याच बॅचमधला एखादा डबा परत येऊन पुन्हा विकला गेलेला असू शकतो. त्यामुळे बिल मिळालं म्हणून तो डबा वापरात आणू नका, आणि पैसे परत मागणंही थांबवू नका. विक्रेता ‘डबा आधी पाठवा, मग बघू’ म्हणाला, तर उत्पादकाचं उत्तर येईपर्यंत डबा, झाकण आणि खोकं आपल्याकडेच ठेवा.