मैत्रिणीला पाठवायचं सॉरी

श्रोते हो, नमस्कार.

सॉरी हा शब्द आता आपलाच झालाय. आपल्या इंदूरच्या राजवाड्यावर गर्दीत कोणाचा धक्का लागला की तो सॉरी म्हणतो, आपण मान हलवतो आणि दोघं आपापल्या वाटेला लागतो. अडचण येते ती ज्याचं मन खरोखर दुखावलंय त्याला इंग्रजीत पत्र लिहायचं असतं तेव्हा. सॉरी, रिग्रेट, रिमोर्स आणि अपॉलोजाइज हे चारही शब्द एकाच अर्थाचे वाटतात आणि शब्दकोश उघडला की ते एकमेकांकडे बोट दाखवतात. आज अशाच एका पत्राबद्दल बोलते. ते लिहिणारीच्या परवानगीनं सांगतेय, नावं मात्र सांगणार नाही.

आमच्या सुदामा नगरात राहणारी ही मुलगी बँकेत नोकरी करते. कॉलेजात असताना हॉस्टेलमध्ये तिची खोली वाटून घेणारी मैत्रीण चेन्नईची. हिला तमिळ येत नाही, तिला मराठी येत नाही, आणि हिंदीशी तिचं फारसं जमत नाही. म्हणून दोघींची मैत्री पहिल्यापासून इंग्रजीत. गेल्या वर्षी त्या मैत्रिणीची नोकरी गेली. घरी कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त हिला सांगितलं होतं. एका लग्नात मैत्रिणीची वहिनी भेटली आणि बोलता बोलता हिच्या तोंडून ते निघून गेलं. घरात व्हायचं ते झालं आणि मैत्रिणीनं बोलणं सोडलं. पुढे काही महिन्यांनी मैत्रिणीचे वडील वारले. त्याच आठवड्यात हिचा मुलगा डेंग्यूनं दवाखान्यात होता, त्यामुळे ही जाऊ शकली नाही.

मी पूर्वी इंग्रजी शिकवत असे, म्हणून ती कागद घेऊन आली. म्हणाली, "काकू, जरा व्याकरण बघून द्या." पत्र चारच ओळींचं होतं. डिअर वगैरे झाल्यावर: "आय अॅम व्हेरी सॉरी फॉर युअर फादर अँड ऑल्सो फॉर व्हॉट हॅपन्ड अॅट द वेडिंग. आय रिग्रेट टु टेल युअर सिस्टर-इन-लॉ अबाउट युअर जॉब. आय अपॉलोजाइज यू. इफ यू वेअर हर्ट, आय अॅम फुल ऑफ रिमोर्स."

चारही शब्द हजर होते, पण जागेवर एकही नव्हता.

पहिला सॉरी घ्या. जुन्या इंग्रजीत या शब्दाचं नातं दुखऱ्या, हुळहुळत्या जखमेशी होतं. चूक कोणाची, हे तो शब्द सांगत नाही, फक्त मन दुखतंय एवढंच सांगतो. म्हणून इंग्रजीत कोणी गेलं तरी सॉरी, आणि आपण कोणाचा पाय तुडवला तरी सॉरीच. पहिल्या वेळी आपण सांत्वन करत असतो, दुसऱ्या वेळी कबुली देत असतो. हिनं एकाच वाक्यात, एकाच सॉरीला वडिलांचा मृत्यू आणि लग्नातला प्रकार अशी दोन्ही ओझी उचलायला लावली. त्यात आणखी एक गोम. "सॉरी फॉर" पुढे माणूस आला की अर्थ होतो त्याची कीव येणं. "सॉरी फॉर युअर फादर" म्हणजे तुझ्या वडिलांची मला दया येते. तिथे "अबाउट" हवं, किंवा सरळ "सॉरी टु हिअर" म्हणावं.

सॉरीच्या या दुहेरीपणावर एकदा दोन मोठ्या देशांचं भांडण मिटलं होतं. 1 एप्रिल 2001 ला चीनच्या हैनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान एकमेकांवर आदळले. चिनी वैमानिक वांग वेई त्यात गेला. अमेरिकन विमान परवानगीविनाच हैनानवर उतरलं आणि त्यातल्या 24 जणांना चीननं ठेवून घेतलं. चीनची मागणी होती की माफी मागा. अमेरिका म्हणे, आमची चूकच नाही. शेवटी 11 एप्रिलला अमेरिकेच्या राजदूतानं एक पत्र दिलं. त्यात "व्हेरी सॉरी" दोनदा होतं, एकदा वैमानिकाच्या कुटुंबासाठी आणि एकदा परवानगीविना उतरल्याबद्दल. अपॉलोजाइज कुठेच नव्हतं. चीननं आपल्या लोकांना सांगितलं, त्यांनी माफी मागितली. अमेरिकेनं आपल्या लोकांना सांगितलं, आम्ही नुसतं दुःख व्यक्त केलं. माणसं घरी परतली. मुत्सद्द्यांना असा शब्द हवाच असतो. मैत्रिणीच्या पत्रात मात्र तोच संदिग्धपणा घात करतो, कारण वाचणारी नेमकं तेच शोधत असते की ही कबूल करतेय की नुसती हळहळतेय.

आता रिग्रेट. हा शब्द तुम्ही इंदूरच्या स्टेशनवर शेकडो वेळा ऐकलाय. गाडी उशिरा येतेय, आणि मग "असुविधा के लिए खेद है." त्याच घोषणेचं इंग्रजी ऐका, "दि इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड." गैरसोय कोणी केली, खेद कोणाला झाला, दोन्ही गायब! रिग्रेटचा स्वभावच तो. जे घडलं ते घडायला नको होतं, एवढंच तो म्हणतो. म्हणून सरकारांना तो फार आवडतो. जालियनवाला बागेला शंभर वर्षं होत आली तेव्हा, 10 एप्रिल 2019 ला, ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत "डीपली रिग्रेट" म्हटलं. विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी तिथल्या तिथे पूर्ण, स्पष्ट माफीची मागणी केली. दोन शब्दांत किती अंतर आहे, हे त्या सभागृहात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आमच्या पत्रात रिग्रेटची आणखी वेगळीच गंमत झाली होती. "आय रिग्रेट टु टेल" म्हणजे मला सांगायला वाईट वाटतंय, आणि आता मी सांगणार आहे. नोकरीचा अर्ज नाकारणारी पत्रं अशीच सुरू होतात. आधी केलेल्या गोष्टीबद्दल म्हणायचं तर "रिग्रेट टेलिंग". तिनं लिहिलेल्या वाक्याचा अर्थ होत होता की वहिनीला अजून सांगायचंय आणि मला ते जड जातंय. हे ऐकल्यावर ती डोक्याला हात लावून बसली.

पण "टेलिंग" करूनही मला ते वाक्य नको होतं. सांगितल्याचा रिग्रेट कशासाठी? मैत्रीण दुखावली म्हणून, की मैत्री तुटून आपलं नुकसान झालं म्हणून? शेअर चुकीच्या वेळी विकणाऱ्यालाही रिग्रेटच होतो. रिग्रेटची खरी जागा या पत्रात दुसरी होती. मुलगा दवाखान्यात असल्यामुळे ती अंत्यदर्शनाला जाऊ शकली नाही. त्यात तिचा दोष नाही, तरी ती चुटपुट राहणार. तिथे "आय विल ऑलवेज रिग्रेट दॅट आय कुड नॉट बी देअर" अगदी बरोबर बसतं.

अपॉलोजाइजचं व्याकरण आपण मराठी माणसं हमखास चुकवतो. आपण "तुझी माफी मागते" म्हणतो, म्हणून "अपॉलोजाइज यू" लिहून मोकळे होतो. इंग्रजीत माणसाआधी "टु" लागतं आणि कृत्याआधी "फॉर". आणि हा "फॉर" मोठा उपयोगाचा आहे, कारण तो विचारतो की नेमकं कशाबद्दल. तिथे कृत्य लिहावंच लागतं. बाकीच्या तिघांपेक्षा हा शब्द मुळातच वेगळा. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत तो फरक दाखवला होता. "आय अॅम सॉरी" ऐकून तुम्ही विचारू शकता, हिला खरंच वाईट वाटतंय का? "आय अपॉलोजाइज" म्हटलं की ती कृती तिथल्या तिथे घडते. मनात नसतानाही माफी मागता येते, पण मागितली नाही असं नंतर म्हणता येत नाही. मला विचाराल तर चौघांत सगळ्यात कमी भावनेचा आणि सगळ्यात जबाबदारीचा शब्द हाच.

उरला रिमोर्स. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा चावणं. मराठीत आपण म्हणतो, मन खातं, तेच. हा शब्द कोर्टाच्या बातम्यांत भेटतो, आरोपीच्या चेहऱ्यावर रिमोर्स दिसला नाही असा. म्हणजे तो दुसऱ्यानं आपल्यात पाहायचा असतो. स्वतःच "मी रिमोर्सनं भरून गेलेय" म्हटलं की पत्राचा केंद्रबिंदू मैत्रिणीवरून आपल्यावर येतो, आणि तिला वाटतं आता हिचीच समजूत काढायला हवी. तो शब्द मी काढायला लावला. त्याच्या आधीचं "इफ यू वेअर हर्ट" तर आधी काढलं. दुखावली नसती तर महिनोन्‌महिने गप्प कशाला बसली असती?

मग मी तिला म्हटलं, "अगं, हे एक पत्र नाहीच, ही दोन पत्रं आहेत." वडील गेल्याच्या दुःखात आपली माफी सरकवली तर तिला वाटेल, दार उघडं दिसलं म्हणून आत आली. सांत्वनाचं पत्र आधी गेलं. त्यात सॉरी एकदा, तो न जाता आल्याचा रिग्रेट एकदा, आणि हॉस्टेलवर भेटायला येताना ते वडील डबाभर मुरुक्कू आणायचे त्याची आठवण. लग्नाच्या प्रकाराचा उल्लेखही नाही.

माफीचं पत्र बरंच नंतर, हातानं लिहून. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं, "यू हॅड ट्रस्टेड मी टु से नथिंग, अँड आय टोल्ड युअर सिस्टर-इन-लॉ. आय अपॉलोजाइज टु यू फॉर दॅट." आणि पुढे, "आय अॅम सॉरी फॉर ऑल यू हॅड टु फेस अॅट होम बिकॉज ऑफ इट." कृत्याची माफी अपॉलोजाइजनं, तिच्या त्रासाचं दुःख सॉरीनं. तोंडून निघून गेलं, लग्नाची गडबड होती, वहिनीनंच विषय काढला, असं काहीही नाही. खरं असलं तरी नाही.

शेवटच्या ओळीवर आमचं जमलं नाही. तिला "होप यू विल फर्गिव मी" लिहायचं होतं. मी म्हटलं, ही पुन्हा मागणी झाली, क्षमा करायची की नाही ते तिचं तिला ठरवू दे. ती म्हणाली, "काकू, पण मला तेच तर हवंय." ती ओळ तिनं ठेवली. पत्र तिचं होतं. नमस्कार.