कॅप्सूल गिळणारे आजोबा

(ठाण्यात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानातून)

मागच्या पावसाळ्यात कोपरीचे एक आजोबा आमच्या ओपीडीत आले. वय 72, दमा जुना. तीन आठवडे पावडरचा इनहेलर घेऊनही धाप कमी होईना. मी म्हटलं, "काका, कसा घेता ते दाखवा बघू." त्यांनी खिशातून कॅप्सूल काढली आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकली! आदल्या खेपेला मीच त्यांना दोनदा विचारलं होतं, "समजलं ना?" दोन्ही वेळा ते "हो" म्हणाले होते.

नातीच्या वयाच्या मुलीपुढे "नाही समजलं" कोण म्हणेल? शिवाय उतारवयात आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, आणि मी नेमकी किंचाळत होते. या वेळी पंखा बंद केला, समोर बसले, आवाज खाली आणला. "माझंच सांगणं कमी पडलं" म्हणून एवढंच शिकवलं: कॅप्सूल यंत्रात घालायची, श्वास बाहेर सोडून तोंडाने जोरात आत ओढायचा, थोडा रोखायचा. मग उघडून बघायचं. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं. नेहमीच उरत असेल, तर ओढायला जोर पुरत नाही, डॉक्टरांना सांगायचं. चूळ भरायचं पुढच्या खेपेला सांगितलं.

त्यांचा नातूही दम्याचा, पाच वर्षांचा. त्याने मला हळूच विचारलं, "मी चोरून आइस्क्रीम खाल्लं म्हणून झालं का?" मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेने दोन ते सात वर्षांच्या मुलांच्या विचारांची जी तऱ्हा सांगितली, ती हीच. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या की एकीमुळे दुसरी झाली असं त्यांना वाटतं, आणि आजार म्हणजे शिक्षा. म्हणून आधी सांगायचं, "तुझ्यामुळे नाही झालं." फुप्फुसाची सूज वगैरे नंतर. पंपाला जोडायचा नळकांड्यासारखा स्पेसर आधी बाहुलीला लावला, मग त्याला, आणि प्रत्येक फवाऱ्याला पाच श्वास मोठ्याने मोजले. "घेतोस का?" असं विचारू नका, उत्तर "नाही" येतं. "आधी बाहुली की आधी तू?" असं विचारा.

पंधरा वर्षांच्या नातीचं दुखणं निराळं. आई शेजारी असेपर्यंत ती गप्प. आईला बाहेर बसवल्यावर म्हणाली, "क्लासमध्ये सगळे बघतात." या वयात सगळ्यांची नजर आपल्यावरच आहे असं वाटतं, आणि चाळिशीत फुप्फुसाचं काय होईल ही भीती तिच्यापर्यंत पोचतच नाही. तिला रोजचा पंप सकाळ-संध्याकाळच होता, तो क्लासला न्यायची गरजच नव्हती. न्यायचा होता तो फक्त धाप लागल्यावरचा. हे तिला कुणी वेगळं करून सांगितलंच नव्हतं!

आईला मात्र थेट उत्तर हवं होतं: रात्री दवाखान्यात कधी पळायचं? पोराला वाक्य पुरं बोलता येईना, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, ओठ निळे पडले, तर लगेच.

महिन्याने आजोबा आले. इनहेलर उघडून रिकामं कवच माझ्यापुढे धरलं आणि मिशीत हसत म्हणाले, "आता ही गिळू का?"