पाठकची स्प्रिंग

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, पत्रिकेत माझा विषय छापलाय 'यंत्र शिकतं म्हणजे काय आणि ते फसतं कसं'. त्यातल्या पहिल्या अर्ध्या भागाला मी आज हात लावणार नाही. फसतं कसं, तेवढंच सांगतो. तेही एका मुलाची गोष्ट सांगून, कारण मला ही गोष्ट सांगायची खाज आहे आणि घरी आता कुणी ऐकत नाही.

मुलाचं खरं नाव सांगत नाही. आपण त्याला पाठक म्हणू, पाठ करतो तो पाठक. सभागृहात कुणी पाठक असतील तर त्यांनी हलकेच हसून सोडून द्यावं.

हा पाठक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला मशीन लर्निंगला माझ्याकडे होता. चाचणी परीक्षेत मी पाच गुणांचा सरळ प्रश्न टाकला होता, 'ओव्हरफिटिंग म्हणजे काय?' पाठकनं उत्तर असं लिहिलं की मीसुद्धा तसं लिहू शकलो नसतो. मॉडेल प्रशिक्षणाच्या माहितीतला गोंगाटही शिकून बसतं आणि नव्या माहितीवर तोंडघशी पडतं, वगैरे. स्वल्पविरामासकट. आणि शेवटी लिहिलं होतं, 'फिगर 4.3 पाहा'.

मी पुरवणी उलटून पाहिली. फिगर नव्हती. 4.3 ही नव्हती आणि 4.2 ही नव्हती.

(हशा)

तुम्ही हसताय, पण त्याच गठ्ठ्यात फिगर 4.3 आणखी सहा जणांनी पाहायला सांगितली होती. बाजारात मिळणाऱ्या नोट्स, दुसरं काय! आता विषय निघालाच आहे तर माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. एका वर्षी अशाच नोट्समध्ये एका सोडवलेल्या गणिताचं उत्तर 0.84 ऐवजी 0.48 छापलं गेलं होतं. पायऱ्या सगळ्या बरोबर, फक्त शेवटच्या ओळीत आकडे उलटे. नऊ मुलांनी पायऱ्या बरोबर लिहिल्या, 0.84 पर्यंत आले आणि खाली चौकटीत 0.48 लिहिलं. एकालाही वाटलं नाही की वरची ओळ आणि खालची ओळ एकमेकींशी बोलत नाहीत. मी विभागात तक्रार केली, तर एक सहकारी म्हणाले, 'सर, पायऱ्यांचे गुण द्या आणि सोडा.' दिले. पण मला ते अजून सुटलेलं नाही. कारण बघा, विषय येत असलेले दोघं चुकले तर दोघांच्या चुका वेगवेगळ्या येतात. नऊ जणांची चूक हुबेहूब एकच आली, तर समजावं की ते गणित शिकलेले नाहीत, कागद शिकलेत. छापखान्याच्या डुलकीसकट. आणि मंडळी, ओव्हरफिटिंगची व्याख्या हीच आहे, पण तिकडे येतो.

तर पाठक. व्याख्येला पाचपैकी पाच. पुढचाच प्रश्न होता, 'एका मॉडेलची अचूकता प्रशिक्षणात 99 टक्के आणि चाचणीत 61 टक्के आली. काय झालं असेल?' त्याचं उत्तर कोरं. मी त्याला केबिनमध्ये बोलावलं. म्हटलं, 'अरे, वरच्या प्रश्नात तूच लिहिलंयस की हे!' तो म्हणाला, 'सर, हा प्रश्न नोट्समध्ये नव्हता.' त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता बरं का. घाबरलेला होता. दोन विषय आधीच राहिलेले, आणि पाठ करणं ही एकच गोष्ट त्याला मनापासून जमत होती. बारावीपर्यंत त्याच जोरावर आला होता पोरगा.

आता याला पुन्हा व्याख्या सांगून काय उपयोग? ती तर त्याला माझ्यापेक्षा चांगली येत होती. मी त्याला खाली पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेलं. टांगलेली स्प्रिंग, शेजारी उभी पट्टी, पन्नास-पन्नास ग्रॅमची वजनं. हूकचा नियम सगळ्यांना आठवत असेल: जेवढं वजन, त्या प्रमाणात ताण. नसेल आठवत तर शेजाऱ्याकडे पाहून मान हलवा.

पाठकनं एकेक वजन वाढवत ताण मोजला. एका वजनाला 21 मिलिमीटर, दोनला 38, तीनला 62, चारला 79, पाचला 101. हे आकडे मला पाठ आहेत. (हशा) हो, मान्य.

मी विचारलं, 'सहावं वजन लावलं तर किती येईल?' तो पाहत राहिला. मग म्हणाला, 'सर, सूत्र कोणतं?' म्हटलं, सूत्र तूच निवड. एक सरळ रेषा घे. नाहीतर असा वक्र घे, जो तुझ्या पाचही बिंदूंतून नेमका जातो, एक मिलिमीटरही न चुकता. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, तसा पाच बिंदूंतून चौथ्या घातापर्यंतचा एकच वक्र जातो. पाठकचे डोळे चमकले. एकही चूक नाही म्हणजे पैकीच्या पैकी! त्यानं अर्थातच वक्र घेतला.

हे काढायला संगणक लागत नाही. फरकांचा तक्ता मांडायचा. शेजारच्या आकड्यांमधले फरक 17, 24, 17, 22. त्यांचे फरक 7, उणे 7, 5. त्यांचे उणे 14 आणि 12. त्यांचा एकच, 26. चौथ्या घाताच्या वक्रात हा शेवटचा फरक कायम राहतो, म्हणून 26 धरून उलटं वर चढत यायचं. 12 आणि 26 मिळून 38. 5 आणि 38 मिळून 43. 22 आणि 43 मिळून 65. 101 आणि 65 मिळून 166.

म्हटलं, लाव सहावं वजन. लावलं. 119 आले.

सरळ रेषा किती सांगत होती? पाचही नोंदींच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी रेषा काढली तर सहाला साडेएकशे वीस. ती रेषा त्या पाचांपैकी एकाही बिंदूतून नेमकी जात नाही. प्रत्येक ठिकाणी मिलिमीटर-दोन मिलिमीटर चुकते. प्रत्येक प्रश्नात अर्धा गुण गेलेली मुलगी समजा. आणि नवीन प्रश्नाला तीच बरोबर.

पाठक म्हणाला, 'सर, पण माझा वक्र तर एकदाही चुकला नव्हता.' मी म्हटलं, 'आता मागे जा. एकही वजन लावलं नाही तर तुझा वक्र काय म्हणतो?' त्यानं तक्ता उलट्या बाजूनं चालवला. 51 मिलिमीटर! म्हणजे स्प्रिंगला काहीही टांगलेलं नाही आणि ती आपली दोन इंच लोंबतेय. तो तेव्हा पहिल्यांदा हसला.

मग तो गंभीर झाला आणि त्यानं चांगला प्रश्न विचारला: 'असं का होतं?' मी म्हटलं, चारची नोंद 79 घेतलीस, तेव्हा डोळा पट्टीच्या समोर होता का? जरा तिरकं पाहिलंस. समजा खरी 80 असती, तर तुझ्या वक्राचं सहावं उत्तर 166 वरून 156 झालं असतं. तुझी मान एक मिलिमीटरभर वाकडी, त्याचं उत्तर दहा मिलिमीटर वाकडं. रेषा मात्र अर्ध्या मिलिमीटरनं हलते. वक्रानं स्प्रिंग शिकली नाही, तुझी मान शिकली. नऊ जणांनी 0.48 लिहिलं होतं, तसंच हे.

तो बराच वेळ वहीकडे पाहत बसला. मग म्हणाला, 'पण सर, परीक्षेच्या आधी सहावं वजन कुठून आणायचं?' इथे मी मनातल्या मनात टाळी वाजवली. म्हटलं, शेवटच्या नोंदीवर तळहात ठेव. राहिल्या चार, त्यांवरून पाचवी सांग. चारांतून नेमका जाणारा वक्र पाचला सांगतो 75, चारांची रेषा सांगते साडेनव्व्याण्णव. आता हात उचल. 101! सहाव्या वजनाची गरजच नाही. आपल्याकडचीच एक नोंद आपल्यापासून लपवायची.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. चिठ्ठीही आली, 'पाच मिनिटं'. मंडळी, ज्यासाठी मला बोलावलं तो भाग आता धावतपळत.

यंत्रांच्या बाबतीत हेच होतं, फक्त पाच नोंदींऐवजी लाखो आणि वक्राच्या सूत्रातल्या पाच गुणकांऐवजी कोट्यवधी. ओळखायची खूण एकच: पाठ केलेल्या माहितीवरची चूक कमी होत राहते आणि तळहाताखालच्या माहितीवरची चूक आधी कमी होऊन मग वाढू लागते. ती वाढायला लागली की शिकवणं थांबवायचं, हा एक उपाय. दुसरा, नोंदी वाढवायच्या. पन्नास नोंदी असत्या तर मानेच्या चुका बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात. तिसरा, वक्राला लगाम घालायचा: गुणक मोठे झाले की दंड. उलटा रोगही आहे, प्रत्येक प्रश्नाला सरासरी 60 हेच उत्तर देणारा. त्याला अंडरफिटिंग म्हणतात आणि तोही आमच्या वर्गात मागच्या बाकावर असतो.

एक सावधगिरी. तळहात उचलून दहा वेळा डोकावून पाहिलंत आणि दर वेळी मॉडेल बदललंत, तर लपवलेली नोंदही हळूहळू पाठ होते. म्हणून आणखी एक गठ्ठा शेवटपर्यंत सीलबंद ठेवावा लागतो.

आणि माझ्या उपमेची एक लंगडी बाजू, ती लपवणं बरं नव्हे. 2017 साली मांडल्या गेलेल्या एका गाजलेल्या शोधनिबंधात संशोधकांनी चित्रांना मुद्दाम वाटेल ती नावं चिकटवली. कुत्र्याला जहाज, जहाजाला बेडूक. न्यूरल नेटवर्कनं तीही सगळी तोंडपाठ केली. गंमत म्हणजे त्याच जातीची नेटवर्क खऱ्या नावांवर मात्र नवीन चित्रंही बऱ्यापैकी ओळखतात. म्हणजे पाठ करण्याची ताकद असणं आणि प्रत्यक्षात पाठ करून फसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असं का, यावर अजून वाद चालू आहेत. मला वेळ असता तर मीही भांडलो असतो.

चहा आलाय म्हणतायत. पाठकचं तेवढं सांगतो. सत्राअखेर तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी त्याच्यापुढे कुठल्याशा पंपाच्या नोंदींचा तक्ता ठेवला आणि पुढचा आकडा विचारला. यानं आधी शेवटच्या ओळीवर तळहात ठेवला आणि कच्च्या कागदावर आकडेमोड करत बसला. परीक्षक मला बाजूला घेऊन म्हणाले, 'सर, हा मुलगा हाताखाली काहीतरी लपवतोय.' मी म्हटलं, 'हो. पण स्वतःपासून लपवतोय. जरा थांबा.'