बुगडीचं भोक पिकतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. कान टोचला की दोन-चार दिवस तो ठणकतो, भोकाभोवती लाली येते, आणि सकाळी दागिन्याच्या दांडीवर पांढरट-पिवळसर खपली धरलेली दिसते. ती पाहून घरात लगेच कुणीतरी म्हणतं, 'कान पिकला!' बहुतेक वेळा तो पिकलेला नसतो. जखम भरताना पाझरणारी पातळ लस वाळली की अशीच खपली बनते. पू वेगळा असतो. तो दाट, पिवळा किंवा हिरवट असतो आणि त्याला बरेचदा वास येतो.

पण रंगापेक्षा भरवशाची खूण म्हणजे दुखणं कुठल्या दिशेनं चाललंय ती. भरणारी जखम काल होती त्यापेक्षा आज कमी दुखते. कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, लाली भोकापासून लांब पसरू लागली, हात लावल्यावर तिथली कातडी गरम लागली, तर संसर्ग झाला असं समजा. दुखण्यापेक्षा खाजच जास्त असेल आणि बारीक पुरळ असेल, तर बहुधा दागिन्यातल्या निकेलची अ‍ॅलर्जी असते. त्यावर जंतूंचं औषध लावून उपयोग होत नाही.

आता कान कुठे टोचलाय ते पाहू. कुडी घालतो ती पाळी म्हणजे नुसती कातडी आणि चरबी. तिथे रक्त भरपूर, म्हणून जखम साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. बुगडी किंवा भिकबाळी घालतो त्या वरच्या भागात मात्र आत कूर्चा असते, दाबली तर लवचिक लागणारी कडक पट्टी. हिच्यात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर घट्ट चिकटलेलं एक पातळ आवरण असतं, आणि त्यातून झिरपून येईल तेवढ्यावरच ती जगते. म्हणून ही जखम भरायला सहा महिने, कधी वर्षही लागतं.

संसर्ग झाला की पू नेमका या आवरणाच्या आणि कूर्चेच्या मध्ये साठतो. आवरण सुटलं की कूर्चेचा पुरवठा तुटतो आणि ती मरू लागते. मेलेली कूर्चा पुन्हा तशी तयार होत नाही. कान आक्रसतो, त्याच्या वळ्या मोडतात, आणि तो फुलकोबीच्या गड्ड्यासारखा दिसू लागतो.

समजा, एका मुलीनं वरचा कान गननं टोचून घेतला. गनमधली बोथट दांडी कूर्चा भोसकताना चेचते. पोकळ निर्जंतुक सुईनं तेवढी इजा होत नाही. चौथ्या दिवशी दुखणं बरंच उतरलं. सहाव्या दिवशी ती तलावात पोहून आली. आठव्या दिवशी कान ठणकून तिला झोप लागेना. दहाव्या दिवशी वरचा कान लाल, टरारून सुजलेला आणि पुढे आलेला, पण पाळी मात्र जशीच्या तशी. पाळीत कूर्चाच नाही, म्हणून सूज तिच्याशी येऊन थांबते. ही खूण दिसली की त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं.

अशा कानात बरेचदा सापडणारा जंतू म्हणजे स्यूडोमोनास. तो पाण्यात, ओलाव्यात राहतो. 2000 साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात एकाच ठिकाणी वरचा कान टोचून घेतलेल्या सात जणांना हा संसर्ग झाल्याचं सिद्ध झालं, आणि जंतू निघाला तो जंतुनाशकाच्याच फवाऱ्याच्या बाटलीत! नेहमीच्या अ‍ॅमॉक्सिसिलिनला स्यूडोमोनास दाद देत नाही. त्यामुळे घरात उरलेल्या गोळ्या घेतल्या तर फक्त दिवस वाया जातात. डॉक्टर पू तपासायला पाठवतात, या जंतूवर चालणारं औषध देतात, आणि पू साठला असेल तर चीर देऊन काढतात.

दागिना स्वतःहून उपसू नका. तोंड मिटलं तर पू आत कोंडतो. काढायचा की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या. हळद-तेलाचा लेपही नको, त्यानं भोकाचं तोंड बुजतं. स्पिरिट नवी कातडी जाळतं. उकळून गार केलेल्या पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ घालून दिवसातून दोनदा खपली भिजवा आणि कोरडी करा, एवढं पुरे. दांडी फिरवत बसू नका.

नाकाचं काय? चमकी नाकपुडीच्या मऊ कडेवर असली तर काम बरंच सोपं. जितकी वर टोचाल तितकी कूर्चा लागण्याची शक्यता जास्त. शिवाय पुष्कळांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस हा जंतू एरवीही मुक्कामाला असतो, म्हणून नाकात बोट घालून आतली फिरकी चाचपायची सवय इथे महागात पडते. नाकाचं टोक किंवा कड लाल होऊन ताप आला, तर कानासारखंच, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.