शुल्क शून्य, मग पैसे कमी का पोहोचतात?

(दृश्य: मोबाइलचा पडदा, ‘शुल्क ०’ अशी पाटी)

परदेशातून घरी पैसे पाठवताना नजर आधी शुल्कावर जाते. खरा खर्च मात्र बहुतेक वेळा चलन बदलण्याच्या दरात लपलेला असतो.

बँका आपापसांत ज्या भावाने चलन घेतात आणि विकतात, त्याच्या मधोमधचा भाव म्हणजे मिड-मार्केट दर. इंटरनेटवर शोधलं की साधारण हाच दर दिसतो. पैसे पाठवणारी सेवा बहुधा त्याहून थोडा कमी दर देते आणि मधला फरक स्वतःकडे ठेवते.

आकडे घालून पाहू. समजा, एका परदेशी चलनाचा मिड-मार्केट दर ८० रुपये आहे आणि तुम्हाला त्यातले १,००० पाठवायचे आहेत. पहिली सेवा शुल्क घेत नाही, पण दर देते ७८.४०. घरी पोहोचतात ७८,४००. दुसरी सेवा त्याच १,००० मधून ६ शुल्क कापते आणि उरलेल्या ९९४ ला ७९.८० दर देते. घरी पोहोचतात ७९,३२१. शुल्क घेणारी सेवाच ९२१ ने स्वस्त पडली!

(दृश्य: दोन रकमा शेजारी शेजारी)

आता फक्त २०० पाठवून बघा. पहिलीकडून १५,६८० मिळतात, दुसरीकडून १५,४८१. इथे गणित उलटलं, कारण ६ चं ठरावीक शुल्क छोट्या रकमेला जड जातं. या दरांना साधारण ३४२ च्या वर दुसरी सेवा परवडते. म्हणून ‘सगळ्यात स्वस्त सेवा कोणती’ हा प्रश्नच अपुरा आहे. सोबत रक्कम सांगावी लागते. तुलना एकाच वेळी, एकाच रकमेवर करा आणि ‘घरी नेमके किती मिळतील’ हाच आकडा बघा.

बँकेतून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यातून पाठवलं, तर वाटेतली मध्यस्थ बँकही आपलं शुल्क कापू शकते. अर्जात ओयूआर निवडलं तर शुल्क पाठवणाऱ्याकडे, बीईएन निवडलं तर घेणाऱ्याकडे, एसएचए निवडलं तर दोघांत वाटून. क्रेडिट कार्डाने पैसे भरणं टाळा. बऱ्याच कार्डांवर तो व्यवहार रोख उचल धरला जातो आणि व्याज त्याच दिवसापासून चढतं.

(दृश्य: खात्याचा तपशील भरणारी बोटं)

सेवा नवी असेल, तर तुम्ही ज्या देशातून पाठवता त्या देशाच्या वित्तीय नियामकाच्या संकेतस्थळावर तिचा परवाना स्वतः शोधा. जाहिरातीतला परवाना क्रमांक पुरेसा नाही. घेणाऱ्याचं नाव बँक खात्यावर आहे अगदी तसंच लिहा. एखादं आडनाव गळालं तरी पैसे अडकू शकतात किंवा परत येतात, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा कपात होऊ शकते. पहिल्यांदा छोटी रक्कम पाठवा. ती खात्यात जमा झाल्याचं घरच्यांनी फोनवर सांगितलं, की मगच मोठी. रोख उचलायची असेल, तर संदर्भ क्रमांक फक्त घेणाऱ्यालाच सांगा, आणि पैसे हातात पडेपर्यंत पावती जपून ठेवा.