पहिला निरोप : पाच वाक्यं, एकही प्रश्न नाही

नमस्कार श्रोतेहो. आईनं किंवा बाबांनी दुसरं लग्न केलंय, घरात नवं माणूस आलंय आणि मूल त्याच्याशी बोलत नाही. अशा मुलाला त्या नव्या माणसानं पहिला निरोप काय लिहावा, एवढंच आज बोलू.

एका गृहस्थांनी लिहिलेला मसुदा सांगतो. पत्नीची मुलगी तेरा वर्षांची. हे घरात राहायला आल्यापासून ती यांच्याशी अवाक्षर बोलत नव्हती. यांनी दीड पान लिहिलं. सुरुवात 'बाळा' अशी. मग 'माझं तुझ्या आईवर खूप प्रेम आहे'. मग 'आता आपण सगळे एक कुटुंब आहोत'. पुढे 'तू माझ्यावर का रागावली आहेस? आपण मित्र होऊ शकतो का?' आणि शेवटी 'तुझ्या उत्तराची वाट पाहतोय'.

एकेक वाक्य तिच्या बाजूनं वाचा. 'बाळा' म्हणायची ओळख अजून झालेली नाही. आईवरच्या प्रेमाचं वाक्य तिला सांगतं की आई वाटली गेली. 'एक कुटुंब' म्हटलं की तिचे बाबा त्या कुटुंबाबाहेर पडले. या माणसाशी नीट बोललं तर बाबांशी बेइमानी होईल, ही भीती अनेक मुलांच्या अबोल्यामागे असते. ती त्या एका वाक्यानं पक्की होते. आणि प्रश्न विचारला की उत्तराचं ओझं आलंच. मैत्रीचा प्रश्नसुद्धा मागणीच असतो.

त्या मसुद्यातलं सगळं खोडलं. मग शोधलं, हिचं नेमकं गेलं काय? आईच्या बोलण्यातून कळलं, यांचं पुस्तकांचं कपाट आलं तेव्हा खिडकीजवळचं तिचं अभ्यासाचं टेबल दाराशी सरकवलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. आता नवा निरोप ऐका. वर फक्त तिचं नाव, आणि मग:

'तुझ्या टेबलाची जागा मी तुला न विचारता घेतली. शनिवारी कपाट हलवतोय, टेबल परत खिडकीपाशी लागेल. तुझे बाबा ते तुझे बाबाच, त्यांची जागा मला घ्यायची नाही. मला काय म्हणायचं ते तू ठरव, काहीच म्हटलं नाहीस तरी चालेल. याला उत्तर द्यायची गरज नाही.'

खाली स्वतःचं नाव. 'तुझे नवे बाबा' नाही, 'तुझा मित्र' नाही, नुसतं नाव.

पुन्हा सांगतो. पाच वाक्यं. एकही प्रश्नचिन्ह नाही. आणि एकच वचन, तेही लिहिणाऱ्याच्या एकट्याच्या हातातलं, तारीख ठरलेलं. 'मी तुला कधीच दुखावणार नाही' हे वचन कुणालाच पाळता येत नाही, आणि पहिल्या चुकीला ते मोडतं. कपाट मात्र शनिवारी हलवता येतं. ते शनिवारी हललंच पाहिजे, नाहीतर निरोप न लिहिलेला बरा.

निरोप कागदावर द्यावा. मोबाइलवर निळ्या खुणा दिसतात, मग लिहिणारा 'वाचलं की नाही' बघत बसतो आणि मुलालाही ते कळतं. कौटुंबिक ग्रुपवर तर मुळीच नको. माझं मत विचाराल तर त्या ग्रुपवर गॅस सिलिंडर आणि पाहुण्यांच्या गाड्यांच्या वेळा याखेरीज काही लिहूच नये. असो. चिठ्ठी आईला आधी दाखवावी, पण 'वाचलंस का, काकांना उत्तर दे ना' असं आईनं म्हणू नये. त्यानं निरोपातलं शेवटचं वाक्य खोटं पडतं.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी घटस्फोट आणि पुनर्विवाह झालेल्या कुटुंबांचा कित्येक वर्षं पाठपुरावा केला. वयात येणारी मुलं सर्वांत जास्त विरोध करतात आणि सावत्र पालकानं घाईनं शिस्त हातात घेतली की तो वाढतो, असं त्यांना दिसलं. म्हणून झोपण्याच्या वेळा, अभ्यास, मोबाइल हे नियम आईच्याच तोंडून यावेत. निरोपात तर एकही नियम नको.

त्या मुलीनं उत्तर दिलं नाही. कपाट शनिवारी हललं. काही आठवड्यांनी यांच्या पुस्तकात एक चिठ्ठी सापडली: 'कपाट हलवताना माझी पट्टी हरवली.' हे दोन पानं लिहायला बसले होते, पत्नीनं थांबवलं. मग त्यांनी एकच शब्द लिहिला: 'शोधतो.' पट्टी कपाटाखालीच होती, ती तिच्या टेबलावर ठेवून दिली.

मुलानं एक ओळ लिहिली तर आपली एकच ओळ, आणि त्याच विषयावर. तक्रार पट्टीची असेल तर पट्टीबद्दलच लिहावं. आणि मुलानं 'मला चिठ्ठ्या देऊ नका' असं कळवलं, तर त्या थांबवाव्यात. कामाचे निरोप आईमार्फत द्यावेत, पण दिलेला शनिवार मात्र पाळावा.