पावडरचा कप्पा तुंबला तर

नमस्कार श्रोतेहो. फ्रंट लोड मशीनमध्ये पावडर टाकायचा ड्रॉवर असतो ना, त्याबद्दल आज बोलू.

आमच्या शेजारच्या काकूंच्या मशीनचं सांगते. कपडे धुऊन झाले तरी फुलाचं चित्र असलेला, सॉफ्टनर घालायचा कप्पा निळसर पाण्याने काठोकाठ भरलेला राहायचा आणि टॉवेलना कुबट वास यायचा. फोनवर मेकॅनिकने न बघताच व्हॉल्व्ह बदलायला सांगितलं. मी म्हटलं, "काकू, आधी ड्रॉवर काढून बघू." मशीनचा प्लग काढला, नळ बंद केला. ड्रॉवर शेवटपर्यंत ओढला, आतली खिट्टी दाबली आणि तो अख्खा हातात आला.

फुलाच्या कप्प्यात एक छोटी टोपी असते. ती वर ओढली, तर आत राखाडी, जेलीसारखा गोळा! टोपीखाली एक बारीक नळी असते. पाणी नळीच्या वर चढलं की कप्प्यातलं पाणी एकदम खाली ओढलं जातं. ही वाटच बंद झाली होती. काकू म्हणाल्या, "अगं, मी तर छान वास यावा म्हणून दोन-दोन झाकणं घालते!" कप्प्यावरच्या खुणेपेक्षा जास्त घातलं की दाट सॉफ्टनर तिथेच साचतो. आणि खरं सांगू, टॉवेलना सॉफ्टनर लावूच नये, ते पाणी टिपेनासे होतात. उन्हात वाळलेल्या कपड्याला वेगळा वास कशाला हवा?

टोपी आणि ड्रॉवर कोमट पाण्यात भिजत घातले आणि जुन्या टूथब्रशने कोपरे घासले. मग मोबाइलचा टॉर्च लावून ड्रॉवरच्या रिकाम्या खणाचं छत पाहिलं. तिथे काळी बुरशी होती. ज्या बारीक भोकांतून पाणी पडतं, त्यातली बरीच बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या क्षाराने बुजली होती. हे छत बहुतेक जण बघतच नाहीत, म्हणून पुन्हा सांगते: ड्रॉवर धुतलात तरी वरचं छत बघा. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तिथे थोडा वेळ दाबून धरलं आणि नंतर ब्रश फिरवला. व्हिनेगर आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

शेवटी बेसिनवर टोपी बसवून कप्प्यात पाणी ओतलं. खुणेच्या वर गेल्यावर ते एकदम सरसर उतरलं. तळाशी थोडं राहिलं, तेवढं राहतंच. व्हॉल्व्ह बदलावा लागला नाही.

आता तुमच्याकडे काय करायचं? धुणं झालं की ड्रॉवर थोडा उघडा ठेवा. बंद ओलाव्यात बुरशी धरते, म्हणून उघडा ठेवा. महिन्यातून एकदा टोपी काढून धुवा. एवढं करूनही पावडर भिजून तशीच राहत असेल, तर नळाचा पाइप मशीनला जिथे जोडलेला असतो तिथली जाळी साफ करा. तरीही पाण्याला जोर नसेल, तर मग मेकॅनिकला बोलवा.